आमची वाटचाल : ग्रिलपासून गच्चीवरच्या खोलीपर्यंत

बाबांनी १९८६ मध्ये परदेशीपुऱ्यात वेल्डिंगचं दुकान टाकलं तेव्हा आमची ओळख खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे आणि फाटकं एवढीच होती. मी दुकानात बसायला लागलो तोवर इंदूर बदललं होतं. मुलांची लग्नं झाली, घरात माणसं वाढली, आणि खाली जागा उरली नाही की लोक वर बघायला लागले. लोकमान्य नगर, सुदामानगर, रामबाग इथून एकच मागणी यायची, "गच्चीवर पत्र्याची एक खोली करून द्या, हलकीफुलकी." आज आमचं निम्म्याहून जास्त काम तेच आहे. पण या कामाची सुरुवात आम्ही चुकीने केली, आणि ती चूक सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

पहिल्या खोलीचे सहा पाय आम्ही सरळ गच्चीच्या फरशीवर उभे केले. पायाखाली लोखंडी पाटी, पाटीला चार भोकं, भोकांतून थेट स्लॅबमध्ये बोल्ट. मार्चमध्ये काम झालं, मालक खूश. जुलैत त्यांचा फोन आला की खालच्या बेडरूमच्या छताला चार ठिकाणी ओल आली आहे. आम्ही पत्र्याचे जोड तपासले, स्क्रू बदलले, सिलिकॉन भरलं. ओल थांबेना. मग खाली उभं राहून टेपने मोजलं, तर प्रत्येक डाग बरोबर एकेका पायाखाली! पत्रा कोरडाच होता. आमच्या ड्रिलने गच्चीच्या कोब्याला आणि वॉटरप्रूफिंगला चोवीस भोकं पाडली होती, आणि पाणी तिथून उतरत होतं. दुरुस्तीचा सगळा खर्च आम्ही केला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त ड्रिल मशीन उचलून कपाटात ठेवलं.

तेव्हापासून आमचा नियम असा की गच्चीच्या मधल्या स्लॅबला हात लावायचा नाही. नेमकं काय करतो ते लोकमान्य नगरातल्या एका घरावरून सांगतो. घरमालकीण काकूंना मुलासाठी १२ बाय १५ फुटांची खोली हवी होती, एक बाजू जिन्याच्या खोलीला लागून. गवंड्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की साडेचार इंची विटांच्या भिंती घ्या, वरती पत्रा टाका, मग काही वजन होत नाही.

मी त्यांच्या ओट्यावर बसून वहीत हिशेब मांडला. नव्या तीन भिंती, ९ फूट उंच, दार-खिडक्या वजा जाता साधारण २७ चौरस मीटर. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली अशी भिंत चौरस मीटरला अंदाजे २५०-२६० किलो भरते. म्हणजे नुसत्या भिंती ७ टन. वरच्या पत्र्याचं वजन मात्र शंभर किलोच्या आसपास. काकू म्हणाल्या, "अरे, मग मी आत्तापर्यंत पत्र्यालाच घाबरत होते!" बहुतेक सगळे पत्र्यालाच घाबरतात. गच्चीवर माणसं वावरतील म्हणून स्लॅब साधारण चौरस मीटरला १५० किलोच्या हिशेबाने धरलेला असतो. पण ते वजन पसरलेलं असतं. सात टन तीन रेघांवर बसवणं वेगळं.

आम्ही भिंतींना आणि छताला ५० मिलिमीटरचे पफ पॅनेल वापरले. दोन पातळ रंगीत पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो, चौरस मीटरला साधारण ११ किलो. भिंती ३०० किलो, छत सव्वादोनशे, लोखंडी सांगाडा गर्डरसकट सहाशेच्या घरात. सगळं मिळून सव्वा टनाच्या आत. नंतर मुलाने आत टाइल्सचा हट्ट धरला. दोन इंची मसाल्यावर टाइल्स म्हणजे एवढ्याशा खोलीत आणखी दोन टन, खोलीपेक्षा फरशी जड. विनाइलची चटई अंथरून तो विषय मिटवला.

हे सव्वा टनही कॉलमवरच उतरवायचं. खालच्या मजल्यावर बीम कुठून जातात ते बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरने चार कॉलम निश्चित केले. फक्त त्या चार जागी कोबा फोडला, कॉलमच्या जुन्या सरियांना नवे जोडून पाच इंची ठोकळे ओतले आणि त्यांच्या कडेने सिमेंटचा गोला मारून वॉटरप्रूफिंग पुन्हा वर चढवलं. ठोकळ्यांवर दोन्ही लांब बाजूंनी सहा इंची गर्डर टाकले. मधले पाय त्या गर्डरवर, स्लॅबला न शिवता. खाली उरलेल्या फटीत काँक्रीटची छोटी पाळ घातली. गच्चीचा उतार जिकडून सुरू होतो त्या उंच बाजूलाच खोली ठेवली, नाहीतर सगळ्या गच्चीचं पाणी त्या पाळीला येऊन अडलं असतं.

वजन कमी झालं की दुसरी काळजी सुरू होते. ताशी १०० किलोमीटरचं वादळी वारं चौरस मीटरला साधारण ४७ किलोचा दाब टाकतं, आणि छतावर तो बराचसा वरच्या दिशेने ओढ म्हणून येतो. वीस चौरस मीटरच्या छताला हे नऊशे किलोंच्या वर जातं, छत स्वतः सव्वादोनशे किलोंचं. म्हणून पत्र्यावर विटा ठेवलेल्या दिसल्या की मला हसू येतं. छत त्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांना म्हणजे पुर्लिनला, पुर्लिन पायाला, पाय गर्डरला आणि गर्डर ठोकळ्यात ओतलेल्या बोल्टला, ही साखळी कुठेही तुटता कामा नये.

उकाड्याबद्दल खोटं बोलत नाही. आमच्या सुरुवातीच्या खोल्यांत साधा पत्रा आणि खाली पीव्हीसीची सीलिंग असायची. मे महिन्यात दुपारी त्या खोलीत कोणी टिकत नसे, कारण तापलेला पत्रा सीलिंग तापवतो आणि सीलिंग डोकं. पफमुळे ही वरून येणारी धग बरीच तुटते. पण बाहेरची हवाच ४२ अंशांची असेल तर पंखा तीच हवा फिरवणार. पश्चिमेला खिडकी देत नाही, आणि समोरासमोर छताजवळ दोन झरोके ठेवतो. माळव्याच्या रात्री गार होतात, आणि विटांसारखी उष्णता धरून न ठेवल्याने ही खोलीही संध्याकाळनंतर लवकर निवते.

गळतीची तक्रार मात्र कधीकधी डिसेंबरात येते, पाऊस नसताना. साध्या पत्र्याच्या खोलीत रात्री माणसं झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागून थेंब होते, आणि पहाटे अंथरुणावर टपकते. तिथे सिलिकॉनचं काही काम नाही, हवा खेळती हवी आणि पत्र्याखाली इन्सुलेशन.

काकूंच्या छतासाठी १४ फुटी अखंड पॅनेल घेतले, बारा फुटांत एक फूट उतार दिला, मध्ये जोडच ठेवला नाही. जिन्याच्या भिंतीला छत मिळतं तिथे प्लास्टरवर नुसतं सिलिकॉन फासलं तर एका उन्हाळ्यात सुटतं. तिथे भिंतीत इंचभर खाच पाडून पत्र्याची पट्टी आत वळवली. स्क्रूही रबर वॉशर नुसता टेकेल इतकाच आवळायचा. पोरं जोर दाखवायला गेली की रबर बाहेर फुगतं आणि दोन वर्षांत फाटतं.

काही घरांना आम्ही नाही म्हणतो. जुन्या इंदुरात गर्डर-फर्शीची छतं आहेत, खाली कॉलमच नाहीत. तिथे इंजिनिअरचा लेखी होकार असल्याशिवाय माप घ्यायलाही जात नाही. नगर निगमची परवानगीही आधी पाहतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मी स्वतः टॉर्च घेऊन जातो, आणि वरच्या खोलीत नव्हे, आधी खालच्या बेडरूमचं छत बघतो. काकूंकडे गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "वर जा ना, खोली वर आहे." मी म्हटलं, "काकू, आधी खालचं बघू द्या." तोवर त्यांनी पोहे वाढले होते.