खानापूरच्या रोपवाटिकेत 5 व्होल्टचा सेन्सर 3.3 व्होल्टच्या बोर्डाला जोडताना

खानापूर तालुक्यात काकांची रोपवाटिका आहे. ठिबकच्या अर्ध्या इंची पाइपातून पाणी किती जातं ते मोजायला मी YF-S201 हा प्रवाह मोजणारा सेन्सर बसवला. एका लिटरमागे साधारण 450 पल्स देतो. त्याला 5 व्होल्ट लागतात. माझा ESP32 बोर्ड मात्र 3.3 व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पिनवर 3.6 च्या वर व्होल्टेज जाऊ नये. घाईत सेन्सरची पिवळी सिग्नलची वायर सरळ 27 नंबरच्या पिनला जोडली आणि चार दिवस आकडे बरोबर आले.

पाचव्या दिवशी काका म्हणाले, "पाणी चालू हाय की, मग आकडा का हलंना?" वायर काढून पिन ग्राउंडला टेकवला, तरी प्रोग्रॅम 1 च वाचत होता. तोच प्रोग्रॅम दुसऱ्या पिनवर ठीक चालला. म्हणजे पिन गेला होता.

पण मग चार दिवस तग कसा धरला? सेन्सरची वीज बंद करून लाल आणि पिवळ्या वायरमधला रेझिस्टन्स मोजला, तो सुमारे 10 किलोओहम निघाला. म्हणजे आत सिग्नलला 5 व्होल्टकडे ओढणारा पुल-अप रेझिस्टर होता, आणि त्यातून येणारा करंट इतका कमी की 5 व्होल्टनेही पिन लगेच जळत नाही. माझा संशय वायरवर आहे. पंधरा मीटरची ती वायर मोटरच्या केबलला चिकटून नेली होती. मोटर चालू-बंद होताना वायरवर उठणारे झटके सरळ पिनवर जायचे, मध्ये अडवायला काही नव्हतं.

मग नेहमीचा व्होल्टेज डिव्हायडर लावला: वर 10 किलोओहम, खाली 20. हिशोबाने 3.3 यायला हवे होते, मीटरवर 2.5 दिसले. आतला 10 किलोओहम धरायचा राहिला होता:

```
5 × 20 / (10 + 10 + 20) = 2.5
```

ESP32 ला 'हाय' कळायला किमान 2.475 व्होल्ट लागतात. इतक्या काठावर असल्यामुळे पल्स कधी मोजले जायचे, कधी सुटायचे.

शेवटी मोठे रेझिस्टर घेतले, वर 47 आणि खाली 100 किलोओहम. आतला 10 धरून 3.18 व्होल्ट आले. वरच्या 47 मुळे 50 व्होल्टचा झटका आला तरी पिनकडे जेमतेम 1 मिलीअँपिअर जातो. पिन आणि ग्राउंडमध्ये 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाकला, वायर मोटरच्या केबलपासून हातभर दूर नेली. सेन्सरचा वेग जास्तीत जास्त 225 पल्स प्रति सेकंद असल्यामुळे एवढे मोठे रेझिस्टर चालतात.

I2C च्या सेन्सरला हा उपाय करू नका. तिथे दोन्ही बाजू लाइन खाली ओढतात, म्हणून BSS138 मॉस्फेटचा लेव्हल शिफ्टर लागतो. आणि वीज पडली तर यातलं काहीच वाचवत नाही. वळवाच्या दिवसांत मी वायर काढूनच ठेवतो.