४४.१ आणि ४८ : दीड पट्टी चढलेल्या अभंगांची दुरुस्ती

आषाढी एकादशीनिमित्त आमच्याकडील एका सभागृहात झालेल्या अभंगगायनाच्या कार्यक्रमाचे चित्रण माझ्याकडे होते. समोर एक कॅमेरा २५ फ्रेम प्रतिसेकंद या वेगाने चालू होता आणि त्याचा स्वतःचा आवाज ४८,००० हर्ट्झ या सॅम्पल रेटने, म्हणजे दर सेकंदाला ४८,००० नमुने (सॅम्पल) घेत, नोंदला जात होता. गायन, पेटी, तबला आणि टाळ यांचा स्वच्छ आवाज ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची एक डब्ल्यूएव्ही फाइल मला पाठवली. मी कॅमेऱ्यातील तबल्याची पहिली थाप आणि त्या फाइलमधील पहिली थाप एकमेकींवर नेमकी बसवली, पण दहा सेकंदांतच तबला चित्राच्या सुमारे वीस फ्रेम पुढे गेला.

फाइलमध्ये काही दोष आहे का, हे मी लगेच तपासले.

```
ffprobe -v error -select_streams a:0 -show_entries stream=sample_rate,duration gayan.wav
```

उत्तरात `sample_rate=48000` असे आले. टाइमलाइनही ४८,००० चीच होती, त्यामुळे सॅम्पल रेटचा प्रश्न नाही असे मी ठरवून टाकले आणि आवाजाची लांबी ताणून चित्राशी जुळवली. असे ताणताना संपादनाचे सॉफ्टवेअर स्वर जसाच्या तसा ठेवते. ओठ जुळले, थापा जुळल्या. नमुना म्हणून पहिला अभंग पेटीवादकांना ऐकवला, तेव्हा ते म्हणाले, "ताई, तोंड बरोबर हलतंय, पण ही पट्टी आमची नाही. बुवा काळी एकमध्ये गायले होते. हे पांढरी दोनच्याही वर गेलंय आणि काळी दोनला पोहोचत नाही."

दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी अडकलेला हा सूर हीच खरी खूण होती. गायकाने पट्टी बदलली असती, तर ती पेटीवर कुठल्यातरी पट्टीवर बसलीच असती. ४४,१०० या दुसऱ्या प्रचलित सॅम्पल रेटने नोंदलेले सॅम्पल कोणतेही रूपांतर न करता ४८,००० च्या वेगाने वाजवले, तर आवाज १.०८८४ पट जलद होतो आणि सूर पेटीच्या सुमारे दीड पट्टीने चढतो. काळी एकवरून दीड पट्टी वर गेले, की आपण पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या बरोबर मध्ये येतो.

कानाने सांगितलेले मोजूनही पाहावे, म्हणून मी मूळ, न ताणलेली फाइल पुन्हा घेतली. कॅमेऱ्याच्या आवाजात पहिल्या थापेपासून शेवटच्या अभंगाच्या अखेरच्या थापेपर्यंत ४८ मिनिटे, म्हणजे २,८८० सेकंद होते. पाठवलेल्या फाइलमध्ये त्याच दोन थापांमधले अंतर ४४ मिनिटे ६ सेकंद, म्हणजे २,६४६ सेकंद भरले. २,६४६ ला २,८८० ने भागले, की ०.९१८७५ येते आणि ४४,१०० ला ४८,००० ने भागले, तरी तेच येते. इतका नेमका मेळ बसल्यावर शंका घ्यायला जागा उरली नाही.

त्या गृहस्थांना फोन केल्यावर उलगडा झाला. रेकॉर्डर ४४,१०० वर होता. आवाजाच्या पातळ्या नीट करण्यासाठी त्यांनी ती फाइल ४८,००० च्या प्रकल्पात घेतली आणि घेताना रूपांतराचा पर्याय बंद राहिला. पुढे निर्यात झालेल्या फाइलवर ४८,००० ची नोंद होती आणि ती खोटीही नव्हती. चूक त्याआधीच होऊन गेली होती. फाइलवरची नोंद फक्त शेवटचा टप्पा सांगते, आतला आवाज कोणत्या वेगाने नोंदला गेला हे सांगत नाही, हे मला तेव्हा नीट उमगले.

अशा फाइलला ताणणे हा उपाय नाही, कारण त्याने लांबी सुधारते आणि चढलेला सूर तसाच राहतो. वर स्वर वेगळा उतरवायला गेले, तर टाळांचा आणि तबल्याच्या चाटीचा कडकपणा बोथट होतो. येथे सॅम्पल मुळीच बिघडलेले नसतात, त्यांच्यावरचा वेगाचा आकडा तेवढा चुकलेला असतो. तो बदलला, की लांबी आणि सूर दोन्ही एकदमच जागेवर येतात. ऑडॅसिटीमध्ये ट्रॅकच्या मेनूतील `Rate` हा पर्याय नेमके हेच करतो, म्हणून मी तेथे ४४,१०० निवडून आधी ऐकून पाहिले आणि कॅमेऱ्याच्या आवाजातील तंबोऱ्याशी सूर मिळाल्याची खात्री करून घेतली. (त्याच सॉफ्टवेअरमधील `Resample` वेगळे आहे. ते सूर न हलवता सॅम्पलची संख्या बदलते. या दोहोंत गल्लत झाली, तर चांगली फाइलही बिघडते.) मग पक्की फाइल अशी बनवली:

```
ffmpeg -i gayan.wav -af asetrate=44100,aresample=48000 -c:a pcm_s24le gayan_48k.wav
```

येथे `asetrate` सॅम्पलना हात न लावता वेगाचा आकडा दुरुस्त करतो आणि त्यानंतर `aresample` टाइमलाइनसाठी खरे रूपांतर करतो. माझ्या फाइलवर केवळ पातळ्यांचे काम झाले होते, म्हणून हे निभावले. त्या प्रकल्पात प्रतिध्वनी मिसळला असता, तर तोही या दुरुस्तीत लांबला असता आणि तेव्हा रेकॉर्डरमधील मूळ फाइल मागवणेच योग्य ठरले असते.

दुरुस्त फाइल बसवल्यावर पहिले अभंग चोख जुळले, पण अखेरच्या थापेला दोन फ्रेमचा, म्हणजे ८० मिलिसेकंदांचा फरक उरला. याचे कारण निराळे आहे. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे स्वतंत्र असतात आणि दोन्हींवर एकच आकडा असला तरी ती तंतोतंत सारखी चालत नाहीत. या फरकाने सूर कानाला कळेल इतका हलत नाही, म्हणून वेगाशी खेळण्याऐवजी मी दोन अभंगांमधल्या निवेदनाच्या जागी आवाज कापला आणि प्रत्येक अभंग त्याच्या पहिल्या थापेवर नव्याने बसवला. आठेक मिनिटांच्या अभंगात हा फरक अर्ध्या फ्रेमपर्यंतही जात नाही.

फरकाच्या आकारावरूनच आता मला कारण ओळखता येते. दहा सेकंदांत पाऊण सेकंदाहून अधिक तफावत पडली आणि सूरही हलला, तर सॅम्पल रेट चुकीचा वाचला गेला आहे. तासाभरात दोन-तीन फ्रेम सरकल्या आणि सूर शाबूत राहिला, तर ती घड्याळांची तफावत असते.

४४,१०० ची फाइल सरळ रेकॉर्डरमधून आली असेल, तर आजची बहुतेक संपादन सॉफ्टवेअरे तिचे रूपांतर स्वतःच नीट करतात. तरीही मी टाइमलाइन आधी ४८,००० वर ठरवते आणि अशी प्रत्येक फाइल `ffmpeg -i mul.wav -ar 48000 -c:a pcm_s24le mul_48k.wav` असे चालवून मगच आत घेते. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच राहते. कॅमेऱ्याचा आवाज कितीही खराब असला तरी काम संपेपर्यंत तो टाइमलाइनवरून काढत नाही, कारण दोन थापांमधले खरे अंतर आणि गायकाची खरी पट्टी त्याच्याकडूनच कळते.