तीन वर्षांत पाच नोकऱ्या आणि पीएफच्या यादीत अडकलेलं माझं नाव

वाळूजला कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आपल्याकडं डिप्लोमा झालेला पोरगा कंपनीच्या गेटातून आत जातो तो बहुतेक वेळा ठेकेदाराच्या नावानं. वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं नोकरी सलग धरली जाते, म्हणून सहा-सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात. पोरगा तोच, मशीन तेच, फक्त कागदावर ठेकेदार बदलतो. आणि पुढं कुठं इंटरव्ह्यूला गेलं की तोच कागद समोर धरून विचारतात, ‘तुम्ही कुठं टिकत नाही का?’

माझा हिशेब असा होता. एक वर्ष अप्रेंटिस. मग वाळूजच्या एका टर्निंग पार्ट्सच्या प्लांटमध्ये सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२३ पहिल्या ठेकेदाराकडं, आणि त्याच प्लांटमध्ये, त्याच लाईनवर एप्रिल ते ऑक्टोबर २०२३ दुसऱ्या ठेकेदाराकडं. मग चाकणला चार महिने. शेवटी चिकलठाण्यात सात महिने. काम बहुतेक ठिकाणी एकच, इन-प्रोसेस क्वालिटी. सेटिंग झालं की पहिला पीस तपासायचा, दर तासाला पाच पीस मोजायचे, मायक्रोमीटर आणि बोअर गेजची रीडिंग शीटवर चढवायची.

शेंद्र्याच्या एका कंपनीत पर्मनंटची जागा निघाली. रिझ्युमे पहिल्यांदा केला तेव्हा या पाच नोकऱ्या पाच ओळींत खाली खाली लिहिल्या होत्या. रूमवरच्या एका सीनियर दादानं बघितलं आणि म्हणाला, ‘अरे, हे वाचून तर मीबी तुला घेणार नाही.’ त्यानं वाळूजच्या दोन ओळींची एक केली. वर प्लांटचं नाव, सप्टेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३, आणि खाली बारीक अक्षरात दोन्ही ठेकेदारांची नावं, आपापल्या तारखांसकट. ठेकेदाराचं नाव गाळायचं नाही, हे त्यानं बजावून सांगितलं. का, ते पुढं कळलं.

इंटरव्ह्यू तसा सोपा गेला. आधी एक फॉर्म भरायचा असतो, त्यात ‘नोकरी सोडण्याचं कारण’ असा एवढासा रकाना. शेजारी बसलेल्या पोरानं चारही ठिकाणी ‘बेटर प्रॉस्पेक्ट्स’ लिहिलं होतं. मी अप्रेंटिसपुढं ‘मुदत पूर्ण’ लिहिलं, वाळूजपुढं ‘ठेकेदाराचं कॉन्ट्रॅक्ट संपलं’, चिकलठाण्यापुढंही तेच. एचआरच्या मॅडम अडल्या त्या चाकणवर, कारण ती नोकरी मी स्वतः सोडलेली. मी म्हणालो, ‘मॅडम, क्वालिटीसाठी घेतलं होतं, डिस्पॅचला बसवलं. दोनदा लेखी बदली मागितली, झाली नाही.’ त्यांनी लगेच विचारलं, ‘मग इथंही तसं झालं तर?’ मी म्हणालो, ‘ऑफर लेटरवर डिपार्टमेंट लिहिलेलं असेल तर मला काळजी नाही.’ त्या हसल्या. तिथल्या सुपरवायझरबद्दल मनात बरंच होतं, पण ते रूमवर बोलायचं असतं.

सिलेक्शन झालं. घरी गेवराईला फोन केला, आईनं शेजारीपाजारी पेढेसुद्धा वाटले. आणि मग व्हेरिफिकेशनवाल्यांचा मेल आला. पीएफच्या नोंदीनुसार तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीत दिसता, खुलासा करा.

मी पीएफच्या पोर्टलवर View मधलं Service History उघडलं. पहिल्या ठेकेदारापुढं रुजू तारीख होती आणि सोडल्याची तारीख रिकामी. म्हणजे सरकारदरबारी मी मार्च २०२३ नंतरही आजपर्यंत त्याच्याकडंच कामाला, आणि त्यासोबत दुसऱ्याकडंही, चाकणलाही, चिकलठाण्यातही! अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो, म्हणून ते वर्ष यादीत नव्हतंच. तीही शंका निघालीच.

ठेकेदाराचं ऑफिस बजाजनगरला, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथं एकच उत्तर, ‘साहेब साईटवर गेलेत, उद्या या.’ उद्या गेलं की, ‘पीएफ बघणारी मॅडम सुट्टीवर आहे.’ मग कळलं की त्या प्लांटचं काम या ठेकेदाराच्या हातून कधीच गेलं होतं. जुन्या पोरांच्या कागदासाठी कॉम्प्युटर उघडायला कुणाला फुरसत नव्हती. एक जण तर मला म्हणाला, ‘तारीख नसली तर काय बिघडलं, पैसे तर जमा झालेत ना?’ माझी नोकरी बिघडली होती, आणखी काय. इकडं एचआरचा फोन, ‘सोमवारपर्यंत खुलासा द्या.’

शेवटी मार्ग निघाला तो एका नेटकॅफेवाल्याकडं, आणि ठेकेदाराची त्यात गरजच नव्हती. सोडल्याची तारीख माणूस स्वतः टाकू शकतो. शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने उलटलेले हवेत, पीएफचा यूएएन नंबर चालू हवा आणि आधारला आपलाच मोबाईल नंबर जोडलेला हवा. Manage मध्ये Mark Exit निवडायचं, यादीतून त्या जुन्या ठेकेदाराचं खातं घ्यायचं, तारीख आणि कारण टाकायचं, आधारचा ओटीपी द्यायचा. तारीख मात्र शेवटचा पीएफ ज्या महिन्याच्या पगारावर कापला त्याच महिन्यातली लागते. इथं पीएफचं पासबुक नीट वाचा. मार्चच्या पगाराचा पीएफ एप्रिलमध्ये भरला जातो, म्हणून त्या ओळीत Due-Month पुढं 042023 असं दिसतं आणि माणूस एप्रिलची तारीख टाकायला जातो. Wage Month चा रकाना बघायचा, तिथं मार्च असतं. मी ३१ मार्च टाकली. एकदा टाकलेली तारीख बदलणं हे वेगळंच लचांड आहे, तेव्हा घाई करू नका.

नवीन सर्व्हिस हिस्टरीची पीडीएफ काढली आणि मेल केला. लांबलचक कैफियत लिहिली नाही. ‘पहिल्या ठेकेदारानं सोडल्याची तारीख भरली नव्हती, ती आता भरली आहे. मार्च २०२३ नंतर त्यांच्याकडून एकही वर्गणी जमा नाही, पासबुक सोबत आहे. अप्रेंटिसशिपला पीएफ नसतो, त्याचं प्रमाणपत्र सोबत आहे.’ एवढंच. पासबुक हाच खरा पुरावा, कारण पगार थांबला की वर्गणी थांबते, आणि ते कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नाही. बँकेचं स्टेटमेंटही जोडलं, त्यात पगार टाकणाऱ्याचं नाव दिसतं. रिझ्युमेवर ठेकेदारांची नावं आधीच होती म्हणून पीएफची यादी त्याच्याशी ओळीला ओळ जुळली. नुसतं प्लांटचं नाव असतं तर ‘ही कंपनी नोंदीत कुठंय?’ हा आणखी एक मेल आला असता. दादाचं म्हणणं तेव्हा पटलं.

क्लिअर झालं. जॉइन झालो. ऑफर लेटरवर डिपार्टमेंट लिहिलेलं आहे, क्वालिटी अश्युरन्स.

एक राहिलंच. काम सुटलं की शेवटच्या दिवशीच ठेकेदाराकडून सर्व्हिस सर्टिफिकेट मागून घ्या, सही-शिक्क्यासकट, कारण महिन्याभरानं तिथं तुम्हाला कुणी ओळखतसुद्धा नाही. गेटपास जमा करायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, प्लांटचं आणि ठेकेदाराचं नाव एकत्र दिसणारा दुसरा कागद सहसा नसतो. आणि दोन महिन्यांनी पोर्टल उघडून तारीख पडली का ते बघा. माझ्यासोबत त्या लाईनवर असलेल्या पोरांना मी हे सगळं पाठवलं, तर त्यातल्या तिघांची तारीख अजून रिकामीच निघाली.