उणे पहिला नंबर

"जो तारा जास्त तेजस्वी त्याचा आकडा लहान आणि अंधुक ताऱ्याचा मोठा, हे उलटं का?"

आकाशदर्शनाला आलेला दर तिसरा माणूस हे विचारतो, आणि विचारताना असा बघतो की जणू ही पद्धत मीच काढली. पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. ताऱ्याच्या तेजाचा हा आकडा, म्हणजे त्याची प्रत, हा वर्गातला नंबर. पहिला आला तो वरचा, सहावा आला तो खालचा. हे खोटं नाही. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने हजाराहून जास्त ताऱ्यांची यादी केली, तेव्हा ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, असंच लावलं होतं. दुर्बीण नव्हती, मोजमाप नव्हतं, फक्त डोळ्यांनी लावलेली रांग.

एका जानेवारीत हे उत्तर माझ्याच अंगाशी आलं. गावाबाहेरचं माळरान, चाळीसेक माणसं, डोक्यावर मृग. मी लेझरने व्याध दाखवला, मग उत्तरेला क्षितिजाजवळचा ध्रुव, आणि ऐटीत सांगितलं, "व्याधाची प्रत उणे १.४६, ध्रुवाची साधारण १.९८." सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, शाळेत उणे पहिला नंबर कुणाचा येतो?" लोक हसले. मीही हसलो आणि विषय बदलायला म्हणालो, "दोघांत फरक अर्ध्या प्रतीचा, म्हणजे व्याध दीडपट तेजस्वी."

तिने एकदा दक्षिणेकडे पाहिलं, एकदा उत्तरेकडे. "दीडपट?"

उणे खूण मी गिळली होती. १.९८ मधून १.४६ वजा केले, जोडायला हवे होते. फरक ३.४४ प्रतींचा. तिथल्या तिथे चूक सुधारली, पण घाईत एका प्रतीचे अडीच पट धरून सरळ गुणाकार केला आणि म्हणालो, साडेआठ पट. एकाच मिनिटात दुसरी चूक. पायऱ्यांची बेरीज होते, उजेडाचा मात्र गुणाकार होतो. एक पायरी चढलात की अडीच पट, दुसरी चढलात की त्याच्या अडीच पट, तिसरी चढलात की आणखी अडीच पट. तीन पायऱ्यांत झाले जवळजवळ सोळा पट. उरलेल्या ०.४४ पायरीचे दीडपट. म्हणजे व्याध ध्रुवाच्या सुमारे चोवीस पट. (महाराष्ट्रातून ध्रुव इतका खाली असतो की हवा त्याचा उजेड आणखी थोडा खाते. प्रत्यक्षात फरक त्याहून जास्तच दिसतो.) हे मला घरी, रात्री दीड वाजता, कागदावर सापडलं. ती मुलगी तोवर झोपली असणार.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नंबरात नव्हतंच. १८५६ मध्ये नॉर्मन पॉग्सन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने या रांगेची मोजपट्टी केली. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या सुमारे शंभर पट तेजस्वी असतो, हे तोवर माहीत होतं. त्याने ते बरोबर शंभर धरलं आणि मधल्या पाच पायऱ्या सारख्या मापाच्या केल्या. जी संख्या पाच वेळा स्वतःशी गुणली की शंभर येतात ती २.५१२, तीच एक पायरी. मग पट्टीला शून्यापाशी थांबायचं कारण उरलं नाही. टॉलेमीने व्याधाला इतर ठळक ताऱ्यांच्या बरोबरीने पहिल्या प्रतीत कोंबलं होतं. मोजल्यावर तो शून्याच्याही पलीकडे निघाला. तापमानासारखंच, शून्य म्हणजे नसणं नव्हे. हाच पॉग्सन पुढे १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होऊन आला आणि १८९१ मध्ये मद्रासलाच वारला. निदान तो तरी आपल्याकडचा म्हणायला हरकत नाही.

पूर्वी मी आणखी एक वाक्य फेकायचो, की डोळाच असा गुणाकारात बघतो, म्हणून पट्टी अशी. आज इतक्या ठामपणे म्हणणार नाही. डोळ्याचं गणित या पट्टीशी तंतोतंत जुळत नाही, आणि पट्टी टिकली यामागे जुन्या याद्यांचा वाटाही मोठा आहे. पट्टी उलटी करता आली असती का? आली असती. मग टॉलेमीपासूनचा प्रत्येक आकडा बदलून वाचावा लागला असता. या कारणाने माझं स्वतःचं समाधान होतं असं नाही.

गेल्या थंडीत एका गृहस्थांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी नंबराचं काढलंच नाही. सूर्य उणे २६.७, एवढंच सांगितलं, आणि व्याधापासून पायऱ्या मोजायला लावल्या. पंचवीस भरल्या. दर पाच पायऱ्यांना शंभर, असं त्यांनी बोटांवर पाच वेळा केलं आणि हजार कोटींवर पोचल्यावर थांबले. "आणि वर पाव पायरी उरते," मी म्हणालो. ते म्हणाले, "पण आकडा उलटाच आहे ना?"

आहेच.