आठ दिवस गावी, खाडे शून्य

डबा लावताना लोक चव विचारतात, पोळ्या किती ते विचारतात, फार तर भाजीत तेल किती असतं ते विचारतात. खाडा कसा धरता, हे कुणी विचारत नाही. मीही पुण्यात आल्यापासून मेस आणि डबे बदलत आले, पण या एका प्रश्नावर गाडी इतकी कधी अडली नव्हती. ऑगस्टमध्ये अडली, आणि राग अजून पुरता उतरलेला नाही म्हणून लिहून टाकते.

माझा डबा दोन वेळचा, सोमवार 11 ऑगस्टपासून महिनाभर. रविवारी रात्री स्वयंपाकघर बंद. त्या तीस दिवसांत चार रविवार येत होते, म्हणजे साठातून चार वजा, छप्पन डबे. पैसे आगाऊ 4,480, म्हणजे डब्याला 80 रुपये पडले. डबा घ्यायचा तर हा भागाकार पहिल्याच दिवशी करून ठेवा. पुढे भांडण झालंच तर ते दिवसांत करायचं नसतं, डब्यांत करायचं असतं. दिवसांत बोललात की रविवार मधे येऊन घोळ घालतो, आणि माझं सगळं रामायण त्या रविवारानेच झालं.

अटी व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या होत्या. खाडा किमान सलग तीन दिवसांचा हवा, तोही दोन्ही वेळचा. महिन्यात जास्तीत जास्त सात दिवस. आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचं. खाड्याचे डबे पुढे मिळणार, पैसे परत नाहीत. आणि सगळे डबे पहिल्या दिवसापासून 35 दिवसांत संपवायचे. वाचताना यात वावगं काही दिसत नाही. रात्री नऊची वेळ तर मला पटतेच. नऊनंतर तिथे मटकी भिजत पडते, सकाळच्या भाज्या निवडून ठेवतात, पहाटे कणीक मळली जाते. साडेअकराला डबे निघतात, तेव्हा सकाळी आठला ‘आज नको’ म्हणून काहीच वाचत नाही. तीन दिवसांच्या अटीमागेही कारण आहे. एका माणसाने एक दिवस डबा घेतला नाही, तर डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार कमी होत नाही आणि गॅसही तेवढाच जळतो.

गणपतीला आमच्याकडे चिपळूणजवळ गावी जाणं ठरलेलं. चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. मी सोमवारी रात्रीचा डबा खाऊन एसटीत बसणार, म्हणजे मंगळवार 26 पासून नाही. आमचे गणपती गौरींबरोबर जातात, आणि गौरीविसर्जन मंगळवारी 2 सप्टेंबरला. बुधवारी सकाळी पुण्यात परत. त्यातच स्वयंपाकघराची स्वतःची सुट्टी 27 आणि 28 ला जाहीर झाली होती. ते चार डबे सगळ्यांनाच शेवटी वाढवून मिळणार होते, त्यावर वाद नव्हता. आठांतून त्यांचे दोन दिवस गेले की माझे सहा. सातची मर्यादा, म्हणजे आत बसतंय. रविवारी संध्याकाळीच निरोप टाकला, ‘ठीक आहे’ असं उत्तरही आलं.

परत आल्यावर विचारलं, माझे किती डबे शिल्लक? उत्तर आलं, ‘सुट्टीचे 4. खाडे 0.’

हिशोब डबे देणाऱ्या काकूंचा भाचा ठेवतो, संगणकावर. मी फोन केला तर तो अगदी शांतपणे समजावून सांगू लागला, आणि तेच जास्त डोक्यात गेलं. त्याचं म्हणणं असं. 27 आणि 28 ला डबा नव्हताच, तेव्हा त्या दिवसांचा खाडा होऊ शकत नाही. म्हणून 26 तारीख एकटी पडली. एक दिवस, तीनपेक्षा कमी, बाद. पुढे 29 आणि 30. मग रविवार 31. रविवारी रात्री डबा नसतो, म्हणजे तो दोन्ही वेळचा दिवस नाही, म्हणजे तिथे सलगपणा तुटला. 29 आणि 30 हे दोनच दिवस, बाद. 1 आणि 2 सप्टेंबर पुन्हा दोनच, बाद. आणि रविवार दुपारचा डबा एकटा, तो तर बादच.

मी आठ दिवस पुण्यात नव्हते, आणि या माणसाच्या तक्त्यात मी तीन दिवससुद्धा सलग बाहेर नव्हते!

बारकाईने पाहिलं तर या नियमाने काय होतं बघा. रविवारने सलगपणा तुटत असेल, तर शुक्रवार ते मंगळवार अशी पाच दिवसांची गैरहजेरीही खाडा ठरत नाही. नोकरी करणारी माणसं गावी जातात ती शनिवार-रविवारला जोडूनच. म्हणजे नियम कागदावर तीन दिवसांचा, पण रविवारच्या एका बाजूला सलग तीन दिवस सुटे मिळाले तरच तो लागू. माझे अडकलेले डबे मोजले: 26 चे दोन, 29 चे दोन, 30 चे दोन, रविवारचा एक, 1 आणि 2 चे चार. अकरा डबे, 880 रुपये.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी लांबलचक निरोप लिहिले. दुपारी बाराला लिहिले, कारण राग तेव्हा येत होता. बाराला तिथे कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. ‘बघतो’ यापलीकडे काही आलं नाही. शेवटी दुपारी चारच्या सुमाराला स्वतः गेले. ही वेळ लक्षात ठेवा: दुपारचे डबे धुऊन झालेले असतात, रात्रीच्या पोळ्या सुरू व्हायच्या असतात, आणि काकू बसलेल्या असतात. भाच्याशी बोललेच नाही. काकूंकडे कॅलेंडर मागितलं, भिंतीवरचं, आणि तारखांवर बोट ठेवत गेले.

“काकू, रविवारी रात्री तुम्ही डबा देत नाही, बरोबर?”

“नाही देत. पोळ्यांच्या बायकांना एक वेळ सुट्टी नको का?”

“द्या की. पण मग रविवारी मी दुपारचा एकच डबा सोडू शकते. दुसरा सोडायचा म्हटलं तरी कुठून सोडू?”

त्या हसल्या. भाच्याला हाक मारली. तो तक्ता दाखवायला लागला तशी म्हणाल्या, “अरे, पोरगी गौरीला गावी गेली होती. गावाहून काय रविवारी दुपारी जेवायला यायची होती का?”

29 ते 2 असे पाच दिवस सलग धरले. रविवारचा एक मिळून नऊ डबे परत आले. 26 तारीख मात्र दिली नाही. सुट्टीच्या अलीकडचा एकटा दिवस खाड्यात धरला तर सगळेच तसं मागतील, हे त्यांचं म्हणणं. मी खेचून पाहिलं, हललं नाही. 160 रुपये गेले. सणाच्या सुट्टीला जोडून एकच दिवस आधी निघणार असाल, तर तो दिवस बुडीत धरूनच निघा.

मला वाटलं संपलं. पण आता नऊ अधिक चार, असे तेरा डबे 9 सप्टेंबरनंतर खायचे होते. मोजत गेले: 10 ते 13 आठ, रविवार 14 ला एक, 15 आणि 16 ला चार. शेवटचा डबा 16 ला रात्री. आणि 35 दिवसांची मुदत कधी संपते? 14 सप्टेंबरला. म्हणजे शेवटचे चार डबे हातात येऊन मरणार, 320 रुपयांचे! हे मात्र घरी येऊन सुचलं नाही, तिथेच कॅलेंडर समोर होतं म्हणून दिसलं. म्हणाले, “स्वयंपाकघर दोन दिवस तुम्ही बंद ठेवलंत, मग मुदत दोन दिवस पुढे नको जायला?” 35 चे 37, म्हणजे बरोबर 16 तारीख. यावर भाचाच आधी ‘हो’ म्हणाला. आकडा जुळला की त्याचं काही म्हणणं नसतं, हे तेव्हा कळलं. थोडा आवडलासुद्धा.

एक सांगायचं राहिलं. खाडा टाकताना परत सुरू करायची तारीखही त्याच निरोपात लिहा. ‘2 पर्यंत नको, 3 दुपारपासून द्या.’ डबा सुरू करायलाही आदल्या रात्री नऊचीच अट असते, आणि आदल्या रात्री तुम्ही एसटीत तरी असता नाहीतर विसर्जनाच्या वाटेवर, फोनला रेंज नसलेल्या जागी. माझी तारीख लिहिलेली होती म्हणून 3 ला दुपारी डबा दारात होता. वांग्याची भाजी होती, पण होता.

भाजीवरून आठवलं. मेनू रविवारी येतो, आणि खाली ओळ असते की ऐनवेळी बदल होऊ शकतो. होतोच. पावसात पालेभाजी महागली की मेथीच्या जागी बटाटा येतो, आणि त्यावर मागता येण्यासारखं काही नसतं. तिथे शक्ती घालवू नका. तुम्हाला हवा तो बदल मात्र पुन्हा नऊच्या आत, आणि वेळ लिहून. 12 ऑगस्टला अंगारकी होती. ‘उद्या उपवास’ एवढंच लिहाल तर एकादशीसारखी दोन्ही वेळेला साबुदाण्याची खिचडी येईल. संकष्टी रात्री सुटते, तेव्हा ‘दुपारी उपवासाचं, रात्री नेहमीचं’ असं लिहावं लागतं. आणि चंद्रोदय उशिरा असला तरी डबा साडेआठलाच येतो, गरम करून घ्यायची तयारी ठेवा.

पुढचा महिना 17 सप्टेंबरला सुरू केला. पैसे देण्याआधी एकच निरोप पाठवला: ‘रविवार मधे आला तरी खाडा सलग धरायचा, रविवारचा एक डबा, आणि तुमच्या सुट्ट्या मुदतीत मोजायच्या नाहीत. चालेल?’ भाच्याने अंगठा दाखवला. मी म्हटलं, अंगठा नको, ‘चालेल’ असं लिहा. लिहिलं त्याने.

तो महिना 16 ऑक्टोबरला संपतो आणि दुसऱ्या दिवशी वसुबारस. लगेच पुढचे पैसे भरले तर पहिल्याच आठवड्यात त्यांची दिवाळीची सुट्टी आणि माझं गावी जाणं एकमेकांत घुसणार. म्हणून पुढचा महिना भाऊबीज झाल्यावर सुरू करते असं काकूंना सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, “चालेल गं. पण रिकामे डबे वसुबारसेच्या आत आणून दे.”