मुद्दल पुढे गेलं, ते दोनदा

नाशिकच्या ज्या शाखेत मी कर्जाच्या काउंटरवर बसते, तिथे लोक हप्ता विचारतात, व्याजदर विचारतात, आणि सही कुठे करायची ते विचारतात. हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे फार थोडे विचारतात. एप्रिल २०२३ मध्ये एक गृहस्थ मात्र नेमकं तेच विचारायला आले. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक. हातात आमच्याच बँकेच्या कर्जखात्याचा उतारा, आणि त्यात दोन ओळी लाल पेनाने चौकटीत घेतलेल्या.

पहिली ओळ फेब्रुवारी २०२२ ची, चौदावा हप्ता: मुद्दल १०,८९५, व्याज १०,८७३. दुसरी ताजी, अठ्ठाविसावा हप्ता: मुद्दल ८,०८६, व्याज १३,६८२. मधल्या चौदा महिन्यांत त्यांचा एकही हप्ता चुकलेला नव्हता, एकही चेक परतलेला नव्हता.

"मॅडम, मुद्दल एकदा व्याजाच्या पुढे गेलं होतं. ते मागे कसं आलं? पाण्याची मोटर उलटी फिरली का?"

कर्ज साधं होतं. २० लाख, रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते त्या रेपो दराशी जोडलेलं, रेपोवर तीन टक्के. घेतलं तेव्हा रेपो ४ टक्के होता, म्हणून दर ७. मुदत ११ वर्षं, म्हणजे १३२ हप्ते. पहिला हप्ता जानेवारी २०२१ चा, शेवटचा डिसेंबर २०३१ चा. अकराच वर्षं का, तर त्याच महिन्यात सर ५८ वर्षांचे होऊन निवृत्त होणार. इतका नेटका हिशेब करून कर्ज घेणारा माणूस आमच्याकडे क्वचितच येतो. हप्ता बसला २१,७६८.

सरांनी त्या चौदाव्या हप्त्याची आधीपासून वाट पाहिली होती. कर्ज घेतलं तेव्हाच एक्सेलमध्ये १३२ ओळींचा तक्ता करून त्यांनी तो महिना शोधून ठेवला होता. तक्ता करायला हरकत नाही, पण त्या महिन्यासाठी तक्ता लागतच नाही. हे मी त्यांना दाखवलं, कारण पुढचं उत्तर त्यातच होतं.

शेवटच्या हप्त्यात व्याज नावाला असतं, जवळपास सगळं मुद्दल. तिथून एकेक महिना मागे आलं की हप्त्यातला मुद्दलाचा भाग दर वेळी मासिक दराच्या प्रमाणात लहान होत जातो. ७ टक्क्यांना महिन्याचा दर ०.५८३३ टक्के, म्हणजे प्रत्येक पायरीला १.००५८३३ ने भागायचं. भागत भागत मुद्दल हप्त्याच्या निम्म्यावर आलं की ती सीमा. आता हेच उलटीकडून वाचा: पैसे या दराने दामदुप्पट व्हायला जितके महिने लागतात, तितके हप्ते शिल्लक असताना मुद्दल व्याजाला गाठतं. कर्ज २० लाखांचं असो की २ कोटींचं, ११ वर्षांचं असो की ३० वर्षांचं, फरक पडत नाही. फक्त दर बघायचा.

```
=INT(LN(2)/LN(1+7%/12))
```

उत्तर ११९. चालू हप्ता धरून ११९ हप्ते उरलेले असतील, तो पहिला महिना. १३२ मधून ११९ वजा केले की १३ उरतात, म्हणून चौदावा हप्ता. कॅल्क्युलेटरही नको असेल तर ८३२ ला वार्षिक दराने भागा आणि वर एक तृतीयांश मिळवा. ८३२ भागिले ७ म्हणजे ११८.९, अधिक एक तृतीयांश, की ११९ च्या थोडं वर. तो एक तृतीयांश विसरलात तर उत्तर कधीकधी एका महिन्याने चुकतं. ८३२ चा आकडा मला एका जुन्या, आता निवृत्त झालेल्या साहेबांनी शिकवला. आता नव्याने लागलेल्या मुलांना परतफेडीचा तक्ता छापता येतो, वाचून दाखव म्हटलं की ती स्क्रीनकडे बघतात.

सूत्राची दुसरी बाजू अशी की २० वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं तर सीमेला ९२ हप्ते उरलेले असतात, म्हणजे ती येते १४९ व्या हप्त्याला. मुदत निम्मी झाली की मुद्दल निम्मं, अशी बहुतेकांची समजूत असते. बारा वर्षं उलटून गेल्यावर त्यातले बरेच जण काउंटरवर भांडायला येतात.

हे सगळं महिन्याच्या शिलकीवर दर भागिले बारा असं व्याज धरून. आमच्याकडे गृहकर्जाला तसंच आहे. जिथे रोजच्या शिलकीवर आणि ३६५ दिवसांवर व्याज काढतात, तिथे सरांच्याच कर्जात दुसऱ्याच हप्त्याला, फेब्रुवारी २०२१ मध्ये, मुद्दल पुढे गेलेलं दिसलं असतं. व्याज १०,६८७, मुद्दल ११,०८१. महिना २८ दिवसांचा, एवढंच कारण. मार्चमध्ये पुन्हा मागे. अशा उताऱ्यात एकट्या फेब्रुवारीवर विश्वास ठेवायचा नाही, शेजारचे ३१ दिवसांचे महिनेही बघायचे.

तर मोटर उलटी का फिरली? रिझर्व्ह बँकेने मे २०२२ पासून रेपो वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून ६.५ वर नेला. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी दर बदलून घेतला जातो. १ जुलै २०२२ ला सरांचा दर ७ चा ७.९ झाला. जूनच्या हप्त्यात ११,१५१ मुद्दल गेलं होतं, जुलैच्या हप्त्यात गेलं ९,८६०. म्हणजे जानेवारी २०२१ च्या अगदी पहिल्या हप्त्यापेक्षाही कमी, तेव्हा १०,१०२ गेलं होतं. एप्रिल २०२३ ला दर ९.५ झाला आणि मुद्दल ८,०८६ वर आलं.

हप्ता मात्र २१,७६८ चा तसाच. सिस्टीम तेव्हा दर वाढला की हप्त्याला हात लावत नव्हती, मुदत लांबवत होती. आणि कळवत होती कसं, तर एका इंग्रजी एसएमएसने, ज्यात खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि नवा दर असायचा. मुदत किती झाली ते त्यात नसायचं. सरांच्या फोनमध्ये ते चारही एसएमएस होते. त्यांनी ते नीट जपून ठेवले होते, आणि त्यातल्या एकातूनही त्यांना काही कळण्यासारखं नव्हतं.

त्यांचा प्रश्न होता, आता तो महिना परत कधी. ९.५ टक्क्यांना दामदुप्पट ८७.९ महिन्यांत, म्हणजे सीमा ८७.९ हप्ते उरल्यावर. शिलकीतले १७ लाख २८ हजार २१,७६८ च्या हप्त्याने फेडायला १२५.६ हप्ते लागणार होते, म्हणजे शेवटचा अपुरा हप्ता धरून १२६. १२५.६ मधून ८७.९ वजा केले की ३७.७, म्हणजे अठ्ठाविसाव्यानंतरचा अडतिसावा. तेव्हा दर असाच राहिला तर सहासष्टावा हप्ता, जून २०२६. शिलकीवरूनही ताळा करता येतो: अर्धा हप्ता गुणिले बारा, भागिले दर. १०,८८४ गुणिले १२ भागिले ०.०९५, म्हणजे सुमारे पावणेचौदा लाख. शिल्लक याच्या खाली आली की मुद्दल पुढे.

सरांनी लगेच वजाबाकी केली. "म्हणजे साडेतीन लाखांची एफडी मोडून भरली, तर पुढच्याच महिन्यात?"

हो, जवळजवळ. पण त्यामागचा विचार ऐकून मी थबकले. त्यांच्या स्टाफरूममध्ये पक्कं ठरलेलं होतं, की मुद्दल पुढे जाईपर्यंत बँक आपलं व्याज आधी वसूल करून घेते आणि त्यानंतर जादा पैसे भरण्यात अर्थ नसतो. ही समजूत मी इतक्या वेळा खोडली आहे की आता चिडचिड होते. बँक व्याज आधी काढून घेत नाही, जेवढी शिल्लक तेवढ्यावर महिन्याचं व्याज घेते. जादा भरलेला रुपया सीमेच्या अलीकडे असो की पलीकडे, वर्षाला साडेनऊ पैसेच वाचवतो. तो जितका काळ वाचवत राहील तितका लाभ जास्त, पण त्या विशिष्ट महिन्याला काही बदलत नाही.

मी उताऱ्याचं शेवटचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. "सर, हे बघा. १२६ हप्ते उरलेत. तुमच्या हिशेबाने १०५ उरायला हवे होते. कर्ज सप्टेंबर २०३३ ला संपतंय."

ते बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिले. मुदत डिसेंबर २०३१ लाच ठेवायची तर हप्ता २४,२९९ करावा लागणार होता, म्हणजे अडीच हजारांनी जास्त. त्या हप्त्याने सीमाही आपोआप ऑक्टोबर २०२४ ला आली असती. ते म्हणाले, मुलीचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आहे, बघतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं, की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे विचारायचं, आणि दर तिमाहीला उरलेल्या हप्त्यांची संख्या कळवायची. आमच्या बँकेने ते पाळलं. पत्रं गेली, सोबत पर्यायांचा फॉर्म गेला. उत्तर आलं नाही तर मुदत वाढलेलीच राहील, ही ओळ पत्रात सगळ्यात खाली होती. सरांचा फॉर्म आलेला नव्हता.

जुलै २०२५ च्या अखेरीस ते पेढे घेऊन आले. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो ६.५ वरून ५.५ वर आला होता आणि १ जुलैला त्यांचा दर ८.५ झाला. पंचावन्नावा हप्ता: मुद्दल ११,२५०, व्याज १०,५१८. "मॅडम, तुम्ही जून २०२६ म्हणाला होतात, वर्षभर आधीच झालं!"

आकडे बरोबर होते. जूनच्या हप्त्यात मुद्दल १०,२४३ होतं, एका महिन्यात ते हजार रुपयांनी वर गेलं. त्यांनी एक रुपया जादा भरलेला नव्हता, फक्त सीमाच त्यांच्या दिशेने सरकली होती. ८.५ टक्क्यांना ती ९८ हप्त्यांवर असते, आणि त्यांचे ९४ उरले होते.

९४ म्हणजे एप्रिल २०३३. निवृत्तीनंतर सोळा महिने.

हे त्यांना पेढा तोंडात असताना सांगायचं की नाही, असं दोन मिनिटं वाटलं. मग सांगितलंच. डिसेंबर २०३१ गाठायचं तर आता हप्ता २४,८४४ लागेल. दोन वर्षांपूर्वी अडीच हजार जास्त लागत होते, आता तीन हजारांच्या वर लागतात, आणि तेही दर एक टक्क्याने खाली आलेला असताना. सरांनी तो आकडा पेढ्यांच्या खोक्यावरच लिहून घेतला आणि विचारलं, "पण मुद्दल तर पुढे गेलं ना?"

गेलं. उताऱ्यात तसंच छापलेलं आहे, मी नाही कसं म्हणणार?

फॉर्म त्यांनी नेला आहे. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. फॉर्म अजून आलेला नाही, आणि कोणी भरून द्यायच्या आधी मी त्यात काही लिहू शकत नाही.