एकमजली ए आणि छापखान्यातले अकरा दिवस

पहिलीच्या मुलांसाठी सोळा पानांचं इंग्रजी-मराठी पुस्तक. एका पानावर चित्र आणि खाली फार तर दोन ओळी. यातला फॉन्ट निवडायला मला चार दिवस लागले आणि निवडलेला फॉन्ट कागदावर तसाच उतरवायला अकरा. त्या अकरा दिवसांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

आधी मुद्दा काय होता ते. छापील इंग्रजीत लहान लिपीतला ए बहुतेक वेळा दुमजली असतो. खाली पोट आणि वर डोक्यावरून पुढे आलेली कमान. मुलं मात्र वहीत एकमजली ए गिरवतात, म्हणजे एक गोल आणि उजवीकडे काठी. जीचंही तसंच. काही फॉन्टमध्ये त्याला खाली चष्म्यासारखी दुसरी कडी असते, शाळेत मात्र साधी आकडी शिकवतात. इंग्रजी बोलणाऱ्या घरातलं मूल दोन्ही रूपं बालवाडीपासून बघत असतं. आमची पुस्तकं जातात मराठी माध्यमाच्या पहिलीत, जिथे इंग्रजी अक्षराशी पहिली ओळखच या पानावर होते. आमच्या संपादक ताईंचं म्हणणं सरळ होतं: "जे गिरवतात तेच वाचायला द्या. बैठ्या चाळीतला ए हवा, दुमजली नको."

ताईंना मी तेव्हाच सांगितलं होतं की हे सगळं ठाम सिद्ध झालेलं नाही. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठात स्यू वॉकर आणि लिंडा रेनॉल्ड्स यांनी सहाएक वर्षांच्या मुलांबरोबर हे तपासून 2003 मध्ये प्रसिद्ध केलं. मुलांना दुमजली अक्षरांमुळे फारसं अडत नव्हतं, "हा वाचायचा ए आणि हा लिहायचा ए" असा फरक ती करत होती. पण ती मुलं इंग्रजीतच वाढलेली. ताई म्हणाल्या, "आपली नाहीत." तिथे विषय संपला.

निवडीचे चार दिवस तसे सरळ गेले. सेंच्युरी गॉथिक पहिल्याच दिवशी बाद झाला. त्याचा ए एकमजली आहे खरा, पण गोल इतका कंपासने काढलेला की कॅट आणि कॉट शेजारी ठेवले तर मधे फक्त एका काठीचा फरक उरतो. झेरॉक्सवर ती काठी पुसट झाली की संपलं. आणि आमची पुस्तकं शाळांत झेरॉक्स होणारच, कितीही नका म्हणा. म्हणून माझी कसोटी हीच: कॅट, कॉट, डॅड, गॅग, बिल हे शब्द 24 पॉइंटात छापायचे, त्यांची झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि हात लांब करून बघायचं. गोल आणि काठी जिथे जुळतात तिथे नीट खाच दिसली पाहिजे. 'बिल'मधले दोन एल नुसत्या उभ्या रेघा दिसत असतील तर तोही फॉन्ट नको, कारण कॅपिटल आय आणि आकडा एकही तसेच दिसतात. एलला खाली शेपटी हवी.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कसोटीत आली नव्हती. दादरच्या एका ओळखीच्या शिक्षिकेकडे नमुना पान दिलं, तर एका मुलीने सगळ्या एकमजली एंच्या डोक्यावर पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली. तिच्या लेखी तो व होता, शिरोरेघा द्यायची राहून गेलेला. हसू आलं, पण चुकीचं काय होतं त्यात? यावर फॉन्ट बदलून उपाय नव्हता. आम्ही एवढंच केलं की मराठी आणि इंग्रजी ओळ एकमेकींना चिकटू दिल्या नाहीत आणि दोन्हींना वेगळे रंग दिले.

शेवटी इंटर घेतला. रास्मुस अँडरसनचा, मोफत, ओपन फॉन्ट लायसन्सखालचा. त्याचा जी मुळातच एकमजली. ए मात्र दुमजली, पण फॉन्टच्या पोटात एकमजली ए ठेवलेला आहे आणि `cv11` नावाची सोय चालू केली की तो वर येतो. शेपटीवाला एल `cv05` मध्ये. आमच्या मराठी फॉन्टशेजारी इंटरची जाडी छान बसत होती. ताईंनी पास केला, मी खूश झाले. इथेच चूक झाली, पण ते पुढे.

छापखाना लोअर परळच्या एका औद्योगिक गाळ्यात. मी पीडीएफ दिली आणि शहाणपणा म्हणून सोबत फॉन्टचं फोल्डरही दिलं. तिसऱ्या दिवशी प्रूफ आलं. तेरा पानं बरोबर. पान 6, 7 आणि 11 वर मात्र ए दुमजली! एकाच पुस्तकात कॅटचा ए दोन तऱ्हांचा. सगळीकडे दुमजली असता तरी एक वेळ चाललं असतं, हे मिश्रण सगळ्यात वाईट.

ऑपरेटरदादांना फोन केला. "मॅडम, मी फॉन्टला हात पण नाही लावला." आणि माणूस खोटं बोलत नव्हता. ताईंनी परस्पर फोन करून त्या तीन पानांवर पूर्णविराम घालायला सांगितले होते. दादांनी ती पानं कोरलड्रॉमध्ये उघडली, पूर्णविराम घातले आणि पुन्हा पीडीएफ केली. इतकंच.

हे 'इतकंच' समजायला मला दोन दिवस लागले. पीडीएफमध्ये अक्षराचं चित्र असतं, त्यामुळे तिथे एकमजली ए शाबूत होता. कोरल ती पीडीएफ मजकूर म्हणून उघडतं तेव्हा चित्र सोडून देतं आणि "इथे ए आहे" एवढंच उचलतं. मग मशीनवरच्या फॉन्टमधून ए मागतं, आणि फॉन्ट आपला नेहमीचा, दुमजली ए देतो. `cv11` चालू होतं ही गोष्ट अक्षराला चिकटलेली नसते, ती माझ्या फाइलमधल्या मजकुराला दिलेली सूचना असते. ती वाटेत गळली. आणि मी फॉन्टचं फोल्डर दिलं नसतं, तर कोरलने निदान "फॉन्ट नाही" म्हणून ओरडा केला असता. माझ्या शहाणपणामुळे सगळं गुपचूप झालं.

दादांचा उपाय तयार होता: "कर्व्ह करून पाठवा ना मॅडम." मुंबईत कुठल्याही छापखान्यात हे वाक्य ऐकायला मिळतं, आणि इथे ते चुकीचंही नाही. अक्षरांचे कर्व्ह केले की ती आकृती होते, मग तिला कोणी बदलू शकत नाही. पण मग पूर्णविरामही कोणी टाकू शकत नाही, आणि आमच्या ताई छपाईच्या आदल्या रात्रीपर्यंत पूर्णविराम टाकतात. मी म्हटलं, पीडीएफ घेताना कोरल विचारतं, मजकूर 'टेक्स्ट' म्हणून घेऊ की 'कर्व्ह' म्हणून, तिथे कर्व्ह निवडा. दादा हो म्हणाले. मी नवी फाइल दिली. दोन दिवसांनी प्लेट लावण्याआधी बघायला गेले (लिफ्ट बंद, चार मजले जिना), तर पान 11 पुन्हा दुमजली. त्यांनी जुन्या फोल्डरमधली फाइल उचलली होती. मी तिथे आवाज चढवला. नको चढवायला हवा होता, कारण चहा त्यांनीच मागवला होता.

लोकलमध्ये परत येताना लक्षात आलं की मी माणसाला बदलायला निघाले होते, बदलायला हवा होता फॉन्ट. एकमजली ए हाच फॉन्टचा नेहमीचा ए केला, तर कोण कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो याला महत्त्वच उरत नाही. यासाठी एक छोटं मोफत साधन आहे. ते फॉन्टमधली सोय कायमची गोठवून टाकतं, म्हणजे ए मागितला की थेट एकमजलीच मिळतो. पायथन असलेल्या मशीनवर दोन ओळी:

```
pip install opentype-feature-freezer
pyftfeatfreeze -f cv11,cv05 -R Inter/Vachan Inter-Regular.ttf Vachan-Regular.ttf
```

दुसऱ्या ओळीतला `-R` चा भाग विसरू नका. तो फॉन्टचं नाव बदलतो. नाव तेच राहिलं तर छापखान्याच्या मशीनवर जुना इंटर आणि तुमचा इंटर एकमेकांत मिसळतील आणि तुम्ही पुन्हा जिना चढाल. शिवाय या लायसन्सखाली फॉन्ट बदलायला परवानगी असली, तरी काही फॉन्टचं मूळ नाव राखीव असतं, बदललेल्या फॉन्टला ते वापरता येत नाही. साधनाची मर्यादा अशी की एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर एवढंच ते गोठवतं, जोडाक्षरांसारखे गुंतागुंतीचे नियम नाही. ए आणि एलला ते पुरतं. आणि इंटरच्या डाउनलोडमध्ये प्रत्येक जाडीची सुटी फाइल असते, ती घ्या.

आतल्या पानांच्या सगळ्या फाइलमध्ये इंटरच्या जागी हा गोठवलेला 'वाचन' फॉन्ट लावला आणि `cv11` काढून टाकलं. मग मुद्दाम तीच पीडीएफ माझ्या भावाच्या मशीनवर कोरलमध्ये मजकूर म्हणून उघडली. ए एकमजली. नव्याने ए टाइप केला, तोही एकमजली. त्या रात्री मी जेवणात श्रीखंड घेतलं.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. इतका उपद्व्याप करायची गरजच नव्हती. एसआयएल संस्थेचा अँडिका नावाचा मोफत फॉन्ट आहे, खास वाचायला शिकणाऱ्यांसाठी केलेला. त्यात ए आणि जी मुळातच एकमजली असतात. डायडॅक्ट गॉथिकचंही तसंच. माझ्या यादीत दोन्ही होते. इंटर शेजारच्या मराठीबरोबर जास्त देखणा दिसतो म्हणून मी हट्ट धरला. तुम्ही आधी हे बघा की हवा तो आकार काहीही चालू न करता मिळतो का. साध्या नोटपॅडमध्ये फॉन्ट लावून ए टाइप केला की पाच सेकंदांत कळतं. मराठीलाही हे लागू आहे: काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श मजकुराची भाषा 'मराठी' अशी लावल्यावरच येतात, आणि ती सूचनाही अशीच वाटेत गळते, मग मुलांच्या हातात हिंदी वळणाचा ल जातो. आमच्या मराठी फॉन्टमध्ये ते मुळातच होते, हे नशीब.

पुस्तक छापून आलं, हजार प्रती. आतली सोळाही पानं चोख. मुखपृष्ठावरचं नाव मात्र ठळक अक्षरांत आहे, आणि मी गोठवला होता फक्त रेग्युलर. मुखपृष्ठ इंटरच्या बोल्डमध्येच राहिलं होतं. शेवटच्या दिवशी ताईंनी मागच्या बाजूची किंमत 30 ची 35 करायला सांगितली, दादांनी फाइल कोरलमध्ये उघडली, आणि पुस्तकाच्या नावातला कॅट आता दुमजली घरात राहतो. ताईंच्या अजून लक्षात आलेलं नाही.